हिरव्या पट्ट्याखालचा ‘अ’

उत्तरपत्रिकेवर लाल पेनानं एका शब्दाला गोल केला होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं. शब्द होता ‘संतुलित’. नववीतली ती मुलगी माझ्या काउंटरवर तो कागद पसरून उभी होती. चेहऱ्यावर रडू नव्हतं, पण रागही लपत नव्हता.

“ताई, सरनं दोन मार्क कापले. मी तं जसंच्या तसं लिवलं होतं. तुमच्याच झेरॉक्सवरून पाठ केलं.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. सातबारा, जातीच्या दाखल्याचे कागद, पीकविम्याचे फॉर्म, कंत्राटी भरतीचे अर्ज, सगळं याच टेबलावरून जातं. पण निम्म्याहून जास्त काम पोरांचं असतं आणि त्यातलं बहुतेक आता मोबाइलवर येतं. पुस्तकाच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, “ताई, काढून ठेवा” म्हणायचं आणि शाळा सुटल्यावर येऊन घेऊन जायचं. या मुलीनंही तसंच केलं होतं. सोयाबीन सोंगायला आल्यामुळे सप्टेंबरअखेर ती आठ दिवस शाळेत गेली नव्हती. तेवढ्या दिवसांत वर्गात गतीच्या नियमांचा धडा होऊन गेला. मैत्रिणीनं आपल्या पुस्तकातल्या चार पानांचे फोटो काढून पाठवले, तिनं ते मला पाठवले आणि मी प्रिंट काढून दिली.

तिनं प्लॅस्टिकच्या फायलीतून ती प्रिंट काढली. न्यूटनच्या पहिल्या नियमाची ओळ होती. एखाद्या वस्तूवर बाह्य असंतुलित बल काम करत नसेल तर ती स्थिर असेल तर स्थिर राहते आणि सरळ रेषेत एकसमान गतीनं जात असेल तर तशीच जात राहते, असा तो नियम. माझ्या प्रिंटवर ‘बाह्य’नंतर एक काळा डाग होता, जिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्यापुढे स्वच्छ, ठळक, कुणालाही शंका येणार नाही असं छापलेलं होतं ‘संतुलित बल’.

तिला तो डाग टोनरचा वाटला होता. मलाही वाटला असता. झेरॉक्सवर डाग नेहमीच असतात आणि पोरं ते सोडूनच वाचतात. डागानंतर उरलेला शब्द अर्धवट असता तर ती थांबली असती. ‘…तुलित’ असं काही दिसलं असतं तर तिनं विचारलंही असतं. पण ‘अ’ गेल्यावरही पूर्ण शब्दच उरला होता, त्याच धड्यात दहा वेळा येणारा. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाला त्याचं वजन खाली ओढतं आणि टेबल तेवढ्याच जोरानं वर ढकलतो. ती बलं संतुलित आहेत म्हणूनच पुस्तक हलत नाही. म्हणजे तिनं पाठ केलेल्या वाक्याला अर्थच उरत नव्हता. सरांनी गोल केला ते बरोबरच होतं आणि तिनं जसंच्या तसं लिहिलं हेही बरोबर होतं. चूक त्या दोघांच्या मधे, माझ्या टेबलावर झाली होती.

मी तिला मैत्रिणीचं पुस्तक घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या.

पुस्तक आधी मैत्रिणीच्या भावाचं होतं आणि त्याच्याही आधी त्याच्या चुलतभावाचं. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पोरांना पुस्तकं फुकट मिळतात. नववीपासून विकत घ्यावी लागतात, म्हणून आमच्याकडे नववी-दहावीची पुस्तकं घराघरांतून फिरतात. तीन हातांतून आलेल्या त्या पुस्तकात तीन जणांच्या खुणा होत्या. एकाची पेन्सिल, एकाचा पिवळा हायलायटर आणि शेवटच्याचा हिरवा. हिरव्या हायलायटरवाल्यानं जीव लावून काम केलं होतं. नियम, व्याख्या, सूत्र, जे जे महत्त्वाचं ते सगळं हिरवं.

मी ते पान दाराशी नेऊन उजेडात पाहिलं. पट्टा बरोबर ‘असंतुलित’च्या ‘अ’वर सुरू होत होता. तिथं रंगाचं छोटं डबकं साचलं होतं. पण ‘अ’ दिसत होता. अगदी सहज. मी मुद्दाम पुस्तक हात लांब करून धरलं, तरी वाचता येत होता.

तिथंच मला कळलं की गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. पुस्तक वाचता येतं. मोबाइलवरचा रंगीत फोटो मोठा करून पाहिला तर तोही कसाबसा वाचता येतो. अक्षर मरतं ते त्यापुढच्या पायरीवर, रंग काढून टाकताना.

आपला डोळा हिरव्या डबक्यातला काळा ‘अ’ ओळखतो तो दोन गोष्टींवरून. एक म्हणजे डबकं अक्षरापेक्षा उजळ आहे. दुसरी म्हणजे डबकं हिरवं आहे आणि अक्षर हिरवं नाही. डबकं गडद होत जातं तशी पहिली गोष्ट कमजोर होते, पण दुसरी टिकून राहते आणि डोळ्याला तेवढी पुरते. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये दुसरी गोष्ट पुसलीच जाते. मग सगळा भार उजळपणावर येतो आणि डबक्यात नेमका तोच उरलेला नसतो.

डबकं का साचतं ते हायलायटर हातात धरून पाहिलं की समजतं. त्याचं टोक तिरपं कापलेलं असतं आणि पाचेक मिलिमीटर रुंदीचा पट्टा ओढतं. पोरगं टोक कागदावर टेकवतं, ओळ कुठं संपते ते पाहतं आणि मग ओढतं. त्या टेकवण्याच्या क्षणभरात शाई खाली उतरत राहते. ओळीच्या शेवटी हात थांबतो, तिथंही तेच होतं. पाठ्यपुस्तकाचा कागदही शाईला लगेच वाट देणारा असतो. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानावर कागदाची जात छापलेली असते, ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह. त्याच्यावर चकाकीचा लेप नसतो, तो शाई पिऊन घेतो. म्हणून पट्ट्याचा मधला भाग फिका राहतो आणि दोन टोकं गडद होतात. एकाच ओळीवरून दोनदा हायलायटर फिरवला तर टोकं आणखी गडद.

दुर्दैव असं की मराठीत शब्दाच्या सुरुवातीलाच नकार बसलेला असतो. असंतुलित, असमान, अविद्राव्य, अचल, अवाहक. महत्त्वाच्या शब्दापासून पट्टा सुरू करायचा ही पोरांची सवय, आणि त्या शब्दाचं पहिलं अक्षर डबक्यात.

मग मी तो मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि रंग मोजायच्या ड्रॉपरनं एकेका जागेवर क्लिक करत गेले. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, शून्य ते २५५. शून्य म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. कोऱ्या कागदावर आले लाल २२८, हिरवा २२२, निळा २०८. पट्ट्याच्या मधोमध १२०, २१५, ९५. डबक्यात ६२, १५०, ४८. आणि डबक्यातल्या ‘अ’च्या काळ्या रेघेवर ३६, ५०, ३०.

रंगीत फोटोचा करडा फोटो करताना सॉफ्टवेअर सहसा या तिघांची सरळ सरासरी काढत नाही. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सगळ्यात तेजस्वी वाटतो आणि निळा सगळ्यात मंद, त्या हिशोबानं वजन दिलं जातं. नेहमीचा हिशोब असा असतो, त्यात Y म्हणजे करडा आकडा आणि R, G, B म्हणजे लाल, हिरवा, निळा:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

यात कोऱ्या कागदाचे होतात २२२. पट्ट्याच्या मध्याचे १७३, डबक्याचे ११२ आणि ‘अ’चे ४४. कोऱ्या कागदावरचं काळं अक्षर पन्नासच्या आसपास असतं, म्हणजे तिथं अक्षर आणि कागद यांच्यात १७० पेक्षा जास्त अंतर आहे. डबक्यात ते अंतर उरलं ६८. एवढ्यावरही ‘अ’ करड्या छपाईत पुसट का होईना दिसला असता.

पण मी करडी छपाई केलीच नव्हती. मोबाइलवरच्या फोटोचा कागद पिवळसर, कोपऱ्यात हाताची सावली, तसंच छापलं तर पान मळकट येतं आणि टोनर भरमसाट जातो. म्हणून आमच्या धंद्यात सगळेच स्कॅन ॲपचा काळा-पांढरा फिल्टर लावतात. तो मधल्या छटा ठेवतच नाही. एक रेघ आखतो, समजा १२८ वर. त्याच्या वरचं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं. कागद २२२, पांढरा. पट्ट्याचा मध्य १७३, पांढरा. अक्षर ४४, काळं. डबकं ११२, तेही काळं. काळ्यात काळा ‘अ’ बुडाला. काही फिल्टर सगळ्या पानाला एकच रेघ न लावता प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांशी ताडून पाहतात. पण डबक्याच्या आजूबाजूला उजळ पट्टा आणि पांढरा कागद असल्यामुळे त्या हिशोबातही डबकं काळ्यातच जातं.

आणि यातली वाईट गोष्ट अशी की तो फिल्टर पान सुंदर करून देतो. मळकट करड्या छपाईत माणूस डोळे बारीक करून वाचतो, शंका घेतो. पांढऱ्याशुभ्र पानावर ठळक काळी अक्षरं दिसली की शंका येत नाही. त्या मुलीलाही आली नाही.

उपाय त्या आकड्यांमध्येच होता. डबक्याचे तीन आकडे पुन्हा पाहा, ६२, १५०, ४८. हिरवा पट्टा लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतो आणि हिरवा परत पाठवतो, म्हणूनच तर तो हिरवा दिसतो. फोटोतला फक्त हिरवा आकडा घेतला तर डबकं १५० वर येतं आणि ‘अ’ ५० वर. अंतर शंभर, आणि डबकं १२८ च्या रेघेच्या वर. म्हणजे काळा-पांढरा फिल्टर लावला तरी ‘अ’ वाचणार. तेच लाल आकडे घेतले असते तर डबकं ६२ आणि ‘अ’ ३६. अंतर फक्त २६, म्हणजे आधीपेक्षाही वाईट.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लाल घ्या हा सल्ला आमच्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो. पिवळ्या पट्ट्यासाठी तो बरोबर आहे. पिवळी शाई निळा प्रकाश खाते आणि लाल-हिरवा परत देते. त्याच पुस्तकात पिवळ्या पट्ट्याचे आकडे मिळाले २३५, २२५, ६०. लाल आकडा कागदापेक्षाही जास्त, म्हणजे लाल वाट धरली की पट्टा उरतच नाही. गुलाबी आणि नारिंगी पट्ट्यालाही लाल चालतो. हिरव्याला मात्र हिरवा आणि निळ्या पट्ट्याला निळा. पट्टा ज्या रंगाचा, त्याच रंगाच्या आकड्यातून बघायचं.

पिवळा हायलायटर झेरॉक्सवर त्रास देत नाही हे दुकानदारांना अनुभवानं माहीत असतं. कारण आता कळतं. करड्याच्या हिशोबात निळ्याचं वजन सगळ्यात कमी आहे आणि पिवळा पट्टा नेमका निळाच खातो. त्याच्या २३५, २२५, ६० चा करडा होतो २०९, जवळजवळ कागदाएवढा. गुलाबी पट्टा हिरवा प्रकाश खातो, ज्याचं वजन सगळ्यात जास्त आहे. म्हणून डोळ्याला पिवळ्याइतकाच हलका वाटणारा गुलाबी पट्टा काळ्या-पांढऱ्यात गडद येतो.

पण एकाच पानावर पिवळा आणि हिरवा दोन्ही असतील तर? त्या पुस्तकात तसंच होतं. तेव्हा एक रंग निवडायच्या ऐवजी प्रत्येक ठिपक्याच्या तीन आकड्यांपैकी सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. पिवळ्यात मोठा आकडा लाल असतो, हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा. म्हणजे कोणताही पट्टा आपल्या उजळ बाजूनंच मोजला जातो. काळ्या अक्षरात तिन्ही आकडे लहान असतात, त्यामुळे सगळ्यात मोठा घेतला तरी ते काळंच राहतं. डबकं १५०, ‘अ’ ५०, पिवळा पट्टा २३५, हिरव्याचा मध्य २१५. `GIMP` या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये `Colors` > `Desaturate` इथं जाऊन `Value (HSV)` निवडलं की हेच होतं. दुकानात एकाच वेळी वीस-वीस पानं येतात तेव्हा मी `ImageMagick` या प्रोग्रॅमच्या कमांडची एक ओळ वापरते:

```
magick paan.jpg -grayscale Brightness paan-saf.png
```

मोबाइलवरच काम भागवायचं असेल तर `Snapseed` मधल्या `Black & White` मध्ये रंगांच्या फिल्टरची निवड आहे. हिरव्या पट्ट्याच्या पानाला तिथं हिरवा फिल्टर लावून पाहायचा आणि पिवळ्या-गुलाबीला लाल. मी त्या दोघींना तो तिथंच लावून दाखवला. मैत्रिणीनं आधी लाल लावला, डबकं काळंठिक्कर झालं. मग हिरवा लावला आणि ‘अ’ वर आला.

“मायबाई! हे तं तिथंच होतं!” मैत्रीण म्हणाली.

आता या उपायाच्या मर्यादा. पहिली अडचण व्हॉट्सअॅपची. फोटो म्हणून पाठवलं की तो लहान करून आणि पुन्हा दाबून पुढे जातो. नेहमीच्या पद्धतीनं पाठवला तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. पुस्तकाची दोन पानं एकाच फोटोत धरली असतील तर एकेका अक्षराच्या वाट्याला फार थोडे ठिपके उरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जेपीईजी फाइल लाल-हिरवा-निळा असे आकडे थेट साठवत नाही. उजळपणा वेगळा ठेवते आणि रंग वेगळा. आणि रंगाचा तपशील सहसा आडवा-उभा निम्माच ठेवते, कारण डोळ्याला रंगातली बारीकी कमी कळते. नेहमीच्या फोटोला त्यानं काही बिघडत नाही. पण आपण नेमक्या रंगाच्याच आधारानं अक्षर बाहेर काढायला निघालेलो असतो. अर्ध्या बारकाईचा रंग अक्षराच्या कडेवर सांडतो आणि बारीक रेघांभोवती घाणेरडी हिरवट साय धरते. म्हणून आता माझ्या काउंटरवर कागद चिकटवला आहे की पानाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि एका फोटोत एकच पान घ्या. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते.

त्या दिवशीचा फोटो मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये मूळ स्वरूपात होता म्हणून ‘अ’ नीट निघाला. मला आलेल्या दाबलेल्या फोटोवर मी तीच ओळ चालवून पाहिली होती. ‘अ’ निघाला, पण त्याच्या पोटातली पोकळी बुजलेली. ‘अ’ आहे हे माहीत असणाऱ्यालाच तो ‘अ’ वाटला असता.

दुसरी मर्यादा रंगीत छपाईची. आताच्या पुस्तकांत मथळे निळे-लाल असतात, चौकटींना रंग असतो, आकृत्यांमधले बाण रंगीत असतात. सगळ्यात मोठा आकडा घेणारा हिशोब हायलायटर आणि छपाई यांत फरक करत नाही. निळ्या अक्षरांचा निळा आकडा मोठा, म्हणून तीही फिकी पडतात. धड्यातलं एक लाल उपशीर्षक माझ्या पहिल्या साफ प्रिंटमधून जवळजवळ गायब झालं होतं. म्हणजे एक अक्षर वाचवताना अख्खी ओळ घालवली असती. अशा पानाला मी आता दोन प्रिंट काढते, किंवा फक्त हायलायटर असलेला तुकडा निवडून तेवढ्यालाच हा हिशोब लावते. वेळ लागतो. पण दोन मार्क कापलेला तो कागद डोळ्यांसमोर असतो.

तिसरी गोष्ट पट्ट्याच्या कडेची. ती ‘अ’पेक्षाही जास्त ठिकाणी घडते, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. मराठी ओळीत अर्थाची बरीच चिन्हं शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असतात. अनुस्वार, रफार, मात्रा वर. उकार खाली. हायलायटरचा पट्टा ओळीवर नीट बसला नाही तर त्याची कडा नेमकी त्या चिन्हांवरून जाते आणि कडेला शाई जरा जास्त साचते. काळ्या-पांढऱ्या फिल्टरमध्ये ती कडा तुटक काळ्या रेघेसारखी उमटते. त्या रेघेत अनुस्वाराचा ठिपका ओळखू येत नाही. त्याच पानावर खाली ‘संवेग’ होता. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, `p = mv`. पहिल्या प्रिंटमध्ये त्याचा अनुस्वार कडेच्या रेघेत मिसळून ‘सवेग’ झाला होता. मुलीनं वहीत ‘सवेग’च लिहून घेतलं होतं, पानभर. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही म्हणून कुणाला कळलं नाही.

फोटोतलं पान धोक्याचं आहे की नाही हे छापायच्या आधी कसं ओळखायचं, यासाठी मी आता एक साधी गोष्ट करते. फोटो आधी काळा-पांढरा करून पडद्यावर मोठा करते आणि प्रत्येक पट्ट्याची फक्त दोन टोकं आणि वरची कड तपासते. मधला भाग बघतही नाही. टोकाला काळा ठिपका दिसला की रंगीत फोटो उघडते आणि त्याखाली काय आहे ते वाचते. पानाला एक मिनिटही लागत नाही.

फोटो काढतानाच थोडी काळजी घेतली तर यातलं बरंच वाचतं. फ्लॅश नको आणि थेट ऊनही नको. हायलायटरची शाई चमकणारी असते. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश आणि जांभळा-निळा प्रकाश शोषून ती तो दिसणाऱ्या रंगात परत टाकते, म्हणून पिवळा पट्टा उन्हात कागदापेक्षाही उजळ वाटतो. थेट उन्हात काढलेल्या फोटोत असा पट्टा इतका भडकतो की कॅमेऱ्याचा आकडा २५५ ला जाऊन टेकतो आणि त्यातली बारीक चिन्हं विरून जातात. दारातल्या सावलीचा उजेड सगळ्यात चांगला. पातळ कागदातून मागच्या पानाची अक्षरं दिसत असतील तर पानाखाली काळा कागद सरकवावा, ती दबतात. पण मागच्या पानावरचा हायलायटर झिरपून इकडे आला असेल तर काळ्या कागदाचा काही उपयोग नाही, तो रंग आता याच पानात आहे.

आणि नवीन पान हवं असेल तर बालभारतीची पुस्तकं `ebalbharati.in` वर पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात, तिथं कुणाचाच हायलायटर नसतो. मी तसं त्या मुलीला म्हटलंही. तिनं मान हलवली.

“पण ताई, मले तेच पान पाह्यजे. त्याच्यावर खुणा हायेत नं. सरनं वर्गात काय सांगतलं ते त्याच्यावरूनच तं समजते.”

ती आठ दिवस शेतात होती. कोणती ओळ महत्त्वाची आहे, कोणती व्याख्या फळ्यावर लिहिली गेली, कुठं सर थांबले, हे तिला त्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांवरूनच कळणार होतं. कोऱ्या पीडीएफमध्ये अक्षरं सगळी होती, पण तिचा बुडालेला आठवडा नव्हता. तोवर मी हायलायटरकडे घाण म्हणून पाहत होते, पुसून टाकायची गोष्ट म्हणून. तिच्यासाठी तो मजकुराएवढाच मजकूर होता.

म्हणून तिला दिलेली नवीन प्रिंट मी काळ्या-पांढऱ्या फिल्टरमधून काढलीच नाही. सगळ्यात मोठ्या आकड्याच्या हिशोबानं करडा केलेला फोटो तसाच छापला. कागद पांढऱ्याला लागून, हिरव्या पट्ट्याचा मध्य त्याहून किंचित मळका, म्हणजे पट्टा कुठं आहे ते दिसतं आणि अक्षरं त्यावर ठसठशीत उभी राहतात. डबकी करडी आली, पण त्यातली अक्षरं वाचता आली. लाल उपशीर्षक तेवढं मी पेनानं गिरवून दिलं. पैसे घेतले नाहीत. ती द्यायला लागली, मी नाही म्हटलं, तिनं ते काउंटरवर ठेवून दिले, आणि मी पुन्हा तिच्या फायलीत टाकले.

जाताना मैत्रिणीनं पुस्तक काउंटरवर पुन्हा उघडलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. त्या ओळीसमोरच्या कोऱ्या समासात तिनं एक मोठा ‘अ’ काढला, त्याच्याभोवती गोल केला आणि बाण काढून तो हिरव्या डबक्यापर्यंत नेला. पुढच्या वर्षी ते पुस्तक तिच्या मावसबहिणीकडे जाणार आहे, मारेगावला.